आवाज क्लोन करायला एक दिवस, सहीला 19

मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीची 30 सेकंदांची मराठी जाहिरात होती. शेवटच्या ओळीत डीलरच्या दुकानाचं आणि गावाचं नाव. सुरुवातीला 48 डीलर, पण दिवाळीपर्यंत दर आठवड्याला नवे येणार. एकेका नावासाठी जाहिरातीला आवाज देणाऱ्या ताईंना डोंबिवलीहून अंधेरीच्या स्टुडिओत कुठे बोलवायचं? मग ठरलं, जाहिरात ताई स्वतः म्हणतील आणि फक्त नावांची ओळ त्यांच्या क्लोन केलेल्या, म्हणजे एआयने हुबेहूब नक्कल केलेल्या आवाजात निघेल. ताई तोंडी हो म्हणाल्या. मूळ रेकॉर्डिंग एका दुपारी आटपलं.

अडलं कंपनीच्या लीगलमध्ये. त्यांचा एक छापील फॉर्म आहे, वर्षानुवर्षं सगळ्या व्हॉइस आर्टिस्टकडून त्यावरच सही घेतात. त्यात क्लोनचा शब्दही नाही, पण एक वाक्य आहे: आज माहीत असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी. ताईंनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी गेल्यावरही मला बोलायला लावणार का गं हे?" मी गप्प.

ताईंच्या वतीने मी लीगलला मेल केला. उत्तर आलं, "स्टँडर्ड फॉर्म आहे, बदलत नाही." पुढच्या तीन मेलना उत्तरच नाही. आठव्या दिवशी फोन केला, तर फाईल सरांकडे. अकराव्या दिवशी सर रजेवर. बाराव्या दिवशी तोडगा आला: "मुदतीची ओळच काढून टाकतो, मग तर झालं?" मी इतकी वैतागले होते की हो म्हणूनच टाकणार होते.

वकील मैत्रिणीने थांबवलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि कलाकाराच्या हक्कांनाही हे कलम लागतं. म्हणजे ओळ काढली की पाच वर्षं देऊन बसलात. शिवाय हे सगळं ताईंनी खरोखर म्हटलेल्या रेकॉर्डिंगपुरतं. जी वाक्यं त्या कधी बोलल्याच नाहीत त्यांचं काय, हे कागदावर आपणच लिहायला हवं.

मग एक पानाचं परिशिष्ट केलं. क्लोन फक्त याच जाहिरातीसाठी, फक्त दुकान-गावाच्या ओळीसाठी, सहा महिने, महाराष्ट्रापुरता. प्रत्येक फाईल आधी ताई ऐकणार. मुदत संपली की क्लोन आणि तो शिकवायला वापरलेलं रेकॉर्डिंग, दोन्ही पुसायचं. मेलसोबत मुंबई उच्च न्यायालयाचा जुलै 2024 चा अरिजित सिंग प्रकरणातला अंतरिम आदेश जोडला. परवानगीशिवाय एआयने गायकाचा आवाज वापरण्याला त्यात मनाई आहे. एकोणिसाव्या दिवशी मेल आला: "हरकत नाही." एवढंच. एवढ्यासाठी 19 दिवस!

क्लोन मी सही झाल्यावरच करू दिला. कंपनीचा माणूस "तोवर ट्रायल तरी काढा" म्हणत होता. ट्रायलसाठीही आवाज अपलोड करावाच लागतो, आणि एकदा केला की परवानगी मागण्यात काय राम राहिला?

पैशांवरही एकदा वाजलं. त्यांचा हिशेब असा: रेकॉर्डिंगचे 18,000, क्लोनचे शून्य, कारण "ताई परत येणारच नाहीत ना!" मी उलटा हिशेब मांडला. ताई आल्या असत्या तर? 12 आठवडे, दर आठवड्याला एक छोटं सेशन, प्रत्येकी 4,000. म्हणजे 48,000. शेवटी सहा महिन्यांच्या परवानगीचे 20,000 आणि दर नावामागे 400 असं ठरलं. दिवाळीपर्यंत 71 नावं झाली, त्यांचे 28,400. दोन्ही मिळून 48,400. ताईंचा प्रवास वाचला, कंपनीचं स्टुडिओभाडं वाचलं, आणि ताईंच्या पदरातलं काही गेलं नाही. एकरकमी बोलले असते तर 48 नावांवरच अडकले असते.

हे आधीच सांगायला हवं होतं: क्लोन ताईंच्या नावाच्या खात्यात केला, वर्गणी कंपनीने भरली. आम्ही वापरलेल्या सेवेत खात्रीसाठी माइकवर एक ओळ वाचावी लागते, ती ताईंनीच वाचली. डिलीटचं बटण त्यांच्याच फोनवर राहिलं.

फाईल ऐकण्याची अट लीगलला फाजील वाटली होती. पहिल्याच गठ्ठ्यात ताईंचा फोन आला. "अगं, हा ज माझा नाही." जळगावचा ज क्लोनने 'जीव'मधल्यासारखा म्हटला होता, 'जवळ'मधल्यासारखा नाही. मी तीन वेळा ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्पेलिंग बदलून पाहिलं, तर झ यायला लागला. शेवटी ताईंनी घरातल्या कपाटात तोंड घालून ती एक ओळ स्वतः रेकॉर्ड करून पाठवली. बिलात ती वेगळी लावली: जळगाव, खरा आवाज, 400.