चादरीवर पांढरी अक्षरं: कॉन्ट्रास्टच्या आकड्याचा माझा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर-टॉवेलच्या दुकानाची वेबसाइट मी केली. दरपत्रक, पत्ता, ऑर्डरचा फॉर्म हे सगळं सुरळीत पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते पहिल्याच बॅनरवर. मागे चौकडीच्या जेकार्ड चादरीचा मोठा फोटो आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर. मालकांना हे फार आवडलं होतं.

दुकानाचा हिशेब बघणाऱ्या काकांना मोतीबिंदू आहे. त्यांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाले, "चादर दिसतेय हो, पण लिहिलंय कुठं?" मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, आत शिरणारा उजेड पसरतो आणि गडद-फिकट यांतला फरकच पुसट होतो. चष्म्याचा नंबर बदलून तो परत येत नाही. म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर बघायचं. सारखेच दोन रंग असतील तर १, काळ्यावर पांढरं असेल तर २१. डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं, मोठ्या अक्षरांना ३ चालतं. एएए पातळीला साध्या मजकुराला ७ हवं.

मी तपासणीचं टूल चालवलं. निकाल हिरवागार, एकही चूक नाही! याचा राग अजून गेलेला नाही. टूल अक्षरांचा रंग घेतं आणि त्यामागे CSS मध्ये लिहिलेला रंग घेतं. मागे फोटो असला की त्याला काही ठरवता येत नाही. मग ती ओळ ‘स्वतः तपासा’ अशा यादीत खाली टाकली जाते, आणि वरच्या गुणांत ती धरलीच जात नाही. ती यादी उघडून बघायची सवय ठेवा, एवढंच म्हणेन.

मग हातानं मोजलं. कलर पिकरनं चादरीचा मरून पट्टा उचलला, #800000. त्यावर पांढरं अक्षर १०.९५, म्हणजे झकास. पण शेजारच्याच पांढऱ्या धाग्यावर तेच अक्षर १. ‘चादरी’मधला ‘च’ मरूनवर, ‘री’ पांढऱ्यावर. इथं सरासरी काढून उपयोग नाही, अक्षराखाली येणारा सर्वांत उजळ ठिपका धरायचा. चौकडीच्या चादरीत तो पांढराच निघणार.

उपाय म्हणजे फोटो आणि अक्षरं यांच्यामध्ये अर्धपारदर्शक काळा थर. हिशेब सोपा आहे, कारण खाली शुभ्र पांढरं आहे असंच धरायचं. थर ५० टक्के ठेवला तर पांढऱ्याचा #808080 च्या आसपासचा राखाडी होतो आणि गुणोत्तर ४ च्याही किंचित खालीच राहतं. ५४ टक्क्यांना ४.५ ची रेघ ओलांडली जाते. मी ६० ठेवला, राखाडी #666666, गुणोत्तर ५.७४. आता फोटो कुठलाही येऊ दे.

पण थर अख्ख्या फोटोवर टाकल्यावर मालक वैतागले. "अहो, चादर विकायचीय का अंधार?" खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं, मरून पार काळपट दिसत होता. म्हणून थर फक्त अक्षरांमागे आणला:

```css
.banner-text {
  color: #fff;
  background: rgba(0, 0, 0, 0.6);
  padding: 0.5em 0.75em;
}
```

थर अक्षरांच्याच घटकाला द्या. वेगळा काळा डबा ठरावीक उंचीचा करून खाली ठेवला, तर मोबाइलवर ओळ मोडते, दुसरी ओळ डब्याबाहेर येते आणि पुन्हा पांढऱ्या धाग्यावर जाऊन बसते. मोबाइलवर अक्षर २०० टक्के मोठं करून बघितलं की हे लगेच कळतं. शिवाय फोटो उघडलाच नाही, तरी मागच्या पांढऱ्या पानावर हीच पट्टी ५.७४ देते.

मोठ्या अक्षरांची ३ ची सवलत (२४ पिक्सेल, किंवा ठळक असेल तर साधारण १८.७) मी मराठीला घेतलीच नाही. बारीक वळणाच्या फाँटमध्ये अनुस्वार, रफार, वेलांटी यांच्या रेघा इतक्या नाजूक असतात की स्क्रीनवर त्यांच्या कडा मागच्या रंगात मिसळतात. ठरवलेला रंग कागदावरच राहतो, डोळ्याला त्याहून फिकट दिसतो.

किमतींचं सांगायचं राहिलंच. त्या #777777 राखाडीत होत्या, पांढऱ्यावर ४.४८. काही टूल हा आकडा ४.५ दाखवून मोकळी होतात, पण नियमात वर ओढून घेणं चालत नाही. #767676 पास होतो, ४.५४. मी तिथंही न थांबता #595959 घेतला, म्हणजे ७ मिळतात. एप्रिलच्या उन्हात दुकानाच्या पायरीवर उभं राहून किंमत बघणारं गिऱ्हाईक असतं, आणि हे सगळे आकडे स्क्रीनवर पडणारं ऊन धरतच नाहीत.