१६१ किलो: एका स्लॅबच्या लोखंडाचा हिशेब

साइटवर लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका खोलीच्या स्लॅबचं ड्रॉइंग हातात देऊन साहेब म्हणाले, "याला किती लोखंड लागेल ते संध्याकाळपर्यंत काढून ठेव." मला वाटलं, यात काय आहे? सळईच्या वजनाचं डी स्क्वेअर बाय १६२ तर कॉलेजात पाठच होतं. अर्ध्या तासात मी १६१ किलोचा आकडा काढून मोकळा झालो. तो चुकलेला होता. पण तो एका चुकीमुळे चुकला नव्हता. चार-पाच चुका होत्या आणि त्या एकमेकींना झाकत होत्या. म्हणून आकडा बघणाऱ्याला पटकन संशय येत नव्हता.

स्लॅब साधा, एका दिशेने भार नेणारा. बाहेरून ३.३० मीटर बाय ७.२० मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, सळईभोवतीच्या काँक्रीटचं कव्हर २० मिलिमीटर. मेन बार १० मिलिमीटरचे, आखूड दिशेत, १५० मिलिमीटर सेंटर टू सेंटर. प्रत्येक बार एका टोकाला क्रँक करायचा, म्हणजे तिरका वाकवून वर न्यायचा, पहिला या बाजूला तर पुढचा त्या बाजूला. त्यांच्यावर आडवे डिस्ट्रिब्युशन बार ८ मिलिमीटरचे, २०० मिलिमीटरवर.

पहिली चूक मी अति शहाणपणाने केली. सळई खरंच १० मिलिमीटरची आहे का, हे बघायला व्हर्नियर लावला. तो ११ दाखवत होता. मी ११ धरला. ११ चा वर्ग १२१, भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.७४७ किलो. दहाचा हिशेब केला असता तर १०० भागिले १६२, म्हणजे ०.६१७ किलो आला असता. व्यासात एक मिलिमीटरचा फरक, पण वर्ग होत असल्यामुळे वजनात २१ टक्क्यांचा.

साहेबांनी कागद पाहिला आणि विचारलं, "व्हर्नियर कुठे लावलास? बरगड्यांवर?" अर्थातच बरगड्यांवर. मग त्यांनी १६२ येतो कुठून ते समजावलं, तेव्हा माझं चुकलं कुठे ते कळलं. एक मीटर लांबीच्या गुळगुळीत गोल सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ म्हणजे पाय भागिले ४ गुणिले व्यासाचा वर्ग. त्याला पोलादाच्या घनतेने, म्हणजे घनमीटरला ७८५० किलोने, गुणायचं. व्यास मिलिमीटरमध्ये असल्यामुळे दहा लाखांनी भागायचं. उरतं व्यासाचा वर्ग गुणिले ०.००६१६५, आणि एक भागिले ०.००६१६५ म्हणजे १६२.२. बस्स, एवढंच.

```
W = d² / 162     (d मिमीमध्ये, W किलो प्रति मीटर)
```

यातला d हा व्हर्नियरने मोजायचा व्यास नाही. बरगड्यांची सळई वितळवून त्याच वजनाची गुळगुळीत सळई ओतली, तर तिचा जो व्यास येईल तो हा. बरगड्यांवर मोजलं तर जास्त येतो, बरगड्यांच्या मधल्या खोलगट भागात मोजलं तर कमी येतो, आणि दोन्ही ठिकाणी मोजून सूत्रात घालायचं नसतं. ड्रॉइंगवर लिहिलेला आकडाच घालायचा. सळईवर शंका असेल तर ती काट्यावर फेडायची, पण ते पुढे सांगतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता बजावली. १६२ फक्त मीटरसाठी आहे. टेप फुटांत लावली असेल तर भाजक ५३३. फुटांतली लांबी १६२ च्या सूत्रात घातली की वजन सव्वातीन पट होतं, आणि इतकं मोठं असूनही घाईत ते खपून जातं.

०.६१७ घालून माझा आकडा १६१ वरून १४१ वर आला. मला वाटलं, झालं.

दुपारी फिटर मामांना भेटलो. ते अजून लोखंडाला हात लावत नव्हते, फक्त सेंटरिंगवर खडूने खुणा मारत होते. मी सांगितलं, "मामा, मेन बार ४७ लागतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंजा वर केला आणि म्हणाले, "बोटं किती?" पाच. "आणि फटी?" चार.

माझं गणित असं होतं: ७.२० मीटरमधून दोन्ही बाजूंचं कव्हर वजा केलं की ७१६० मिलिमीटर, भागिले १५० म्हणजे ४७.७, म्हणून ४७. पण ४७.७ हा फटींचा आकडा आहे, गजांचा नव्हे. ४७ फटी झाल्यावर ७०५० मिलिमीटर भरतात आणि शेवटी ११० मिलिमीटर उघडे राहतात. तिथे आणखी एक, लहान का होईना, फट लागते. म्हणजे फटी ४८ आणि गज ४९. भागाकाराचा अपूर्णांक वर न्यायचा आणि मग एक मिळवायचा. माझे ४७ गज सारखे पसरले असते तर अंतर जवळपास १५६ मिलिमीटर झालं असतं. वजनात हे जेमतेम चार किलो, पण डिझाइनरने १५० मागितले होते. डिस्ट्रिब्युशनमध्येही तेच: ३२६० भागिले २०० म्हणजे १६.३, म्हणजे १७ फटी आणि १८ गज. मी १६ लिहिले होते.

क्रँकच्या लांबीतही मी गडबड केली होती. ४५ अंशाने वर चढणारा तिरका भाग आडव्या भागापेक्षा जितका जास्त, तितकी लांबी वाढते: चढाईच्या ०.४२ पट. ही चढाई मी स्लॅबची पूर्ण जाडी, म्हणजे १२५ धरली. खरं तर वरचं आणि खालचं कव्हर, शिवाय सळईची जाडी वजा करून ७५ मिलिमीटरच उरतात. ०.४२ गुणिले ७५ म्हणजे ३२ मिलिमीटर, माझे ५२ झाले होते. सगळ्या गजांत मिळून हा फरक किलोभरसुद्धा नाही. पण २० मिलिमीटर लांब कापलेला गज मामांच्या साच्यात नेमका शेवटचं कव्हर खाऊन फळीला टेकला असता. वजनाच्या कागदावर जी चूक दिसतच नाही, ती कापायला बसलं की दिसते. तर मेन बारची लांबी ३.२९ मीटर. हूक धरले नाहीत, बरगडीच्या सळईला इथे ते लागत नव्हते.

आता खालची जाळी नीट झाली: ४९ गुणिले ३.२९ गुणिले ०.६१७ म्हणजे ९९.५ किलो, आणि १८ गुणिले ७.१६ गुणिले ०.३९५ म्हणजे ५०.९ किलो. बेरीज १५०.४.

तेवढ्यात मामा म्हणाले, "साहेब, क्रँकचे वर आलेले गज कशाला बांधू? हवेला?"

मी ड्रॉइंग परत उघडलं. सेक्शनमध्ये दोन्ही आधारांजवळ, वर चढलेल्या गजांच्या खाली, पाच-पाच ठिपके होते. ठिपका म्हणजे कागदातून आरपार जाणारी सळई. मी प्लॅनवरून मोजत होतो आणि प्लॅनमध्ये त्या रेषा काढलेल्याच नव्हत्या. ८ मिलिमीटरचे दहा गज, प्रत्येकी ७.१६ मीटर, २८.३ किलो. एकूण झालं १७८.७.

इतर कोणतीही एक चूक या विसरण्याएवढी मोठी नव्हती. गंमत अशी की जाड धरलेल्या व्यासाने वीस किलो आधीच फुगवून ठेवले होते. १६१ आणि १७९ यांत दहा टक्क्यांचा फरक. "वेस्टेज धर" म्हटलं असतं तर कोणीच पुढे पाहिलं नसतं.

त्या दिवसापासून मी आधी एक चौरस मीटर काढतो आणि मगच गज मोजतो. १५० मिलिमीटरवर म्हणजे एका मीटरच्या रुंदीत ६.६७ गज, गुणिले ०.६१७ म्हणजे ४.११ किलो. २०० मिलिमीटरवर पाच गज, गुणिले ०.३९५ म्हणजे १.९८ किलो. खालच्या जाळीचं चौरस मीटरला ६.०९ किलो झालं. स्लॅब २३.७६ चौरस मीटर, म्हणजे साधारण १४५ किलो. मोजून आलेले १५०.४ याच्या किंचित वर आहेत आणि तसे असायलाच हवेत, कारण शेवटी मिळवलेला एक गज आणि क्रँक या हिशेबात नाहीत. मोजलेला आकडा याच्या खाली आला तर गज कमी पडलेत हे नक्की. पण हा ताळा वरच्या दहा गजांबद्दल काही बोलत नाही. ते ठिपके डोळ्यांनीच शोधावे लागतात.

मागणी मात्र १७८.७ किलोची करता येत नाही. सळई १२ मीटरची येते. ३.२९ चे तिच्यात तीनच तुकडे बसतात आणि २.१३ मीटर उरतात. ४९ तुकड्यांना १७ पूर्ण सळया, म्हणजे १२६ किलो. आठ मिलिमीटरचं प्रकरण जरा बरं निघालं. ७.१६ कापून ४.८४ मीटर उरतात आणि असे दोन उरलेले तुकडे ४०० मिलिमीटरचा लॅप देऊन जोडले की आणखी एक गज होतो. मामांनी १९ सळयांतून २८ गज काढले आणि लॅप एका ओळीत येऊ दिले नाहीत. त्या लॅपचं दीडेक किलो वजन माझ्या १७८.७ मध्ये नव्हतं, ते वाढवून घेतलं. मागणी गेली २१६ किलोची.

माल आला आणि काट्यावर हिशेबापेक्षा थोडा हलका भरला. इथे व्हर्नियरऐवजी काय करायचं ते कळलं. उरलेल्या तुकड्यातून बरोबर एक मीटर कापून छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला: ५९८ ग्रॅम. हवे होते ६१७. तीन टक्के कमी. सूत्र उलटं फिरवलं, १६२ गुणिले ०.५९८ चं वर्गमूळ, तर खरा व्यास ९.८४ निघाला. आणखी दोन तुकडे तोलले, तेही आसपासच. कारखान्यात सळई लाटताना असा फरक पडतोच, मानकं थोडी सूट देतात, बारीक सळईला जास्त आणि जाडीला कमी. तुकडा ५६० ग्रॅमचा भरला असता, म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त हलका, तर मी लगेच साहेबांना हाक मारली असती.

ओतायच्या आदल्या संध्याकाळी मी सेंटरिंगवर चढून गज मोजले. एका टोकापासून ४९, दुसऱ्या टोकापासून परत ४९. वरचे दहा जागेवर होते, आणि २.१३ मीटरच्या तुकड्यांतून मामा वरची जाळी उचलून धरायला चेअर वाकवत बसले होते. त्यांचं वजन मी कुठेच धरलेलं नव्हतं.