सोन्याच्या पावतीतील आयात शुल्क: निपाणीहून केलेल्या खरेदीचा माझा अनुभव

धाकट्या बहिणीचे लग्न 2024 च्या तुळशीच्या लग्नानंतर ठरले होते आणि दागिन्यांच्या खरेदीची जबाबदारी घरच्यांनी माझ्यावर सोपवली. आम्ही निपाणीचे. एका बाजूला कोल्हापूरची गुजरी, दुसऱ्या बाजूला बेळगावचे शहापूर, त्यामुळे सोने घ्यायचे म्हटले की कुठे जायचे यावर आमच्या घरी चर्चा होतेच. या वेळी तिच्यात आणखी एक प्रश्न आला. मामेभावाने मोबाइलवर आंतरराष्ट्रीय भाव पाहून हिशेब केला आणि विचारले, "ताई, जगात तोळा साडेचौसष्ट हजारांना आहे, मग आपल्याकडे सत्तर हजारांच्या वर कसा?" प्रश्न रास्त होता आणि पैसे आईवडिलांच्या आयुष्यभराच्या बचतीतले होते, म्हणून या फरकातला रुपया न् रुपया कुठे जातो ते समजून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही, असे मी ठरवले.

सुरुवात मापापासून करावी लागली. जागतिक बाजारात सोन्याचा भाव डॉलरमध्ये आणि ट्रॉय औंसाला सांगतात. हा औंस 31.1035 ग्रॅमचा असतो. आपल्याकडचा आजचा तोळा म्हणजे 10 ग्रॅम. जुलै 2024 च्या तिसऱ्या आठवड्यानंतर औंसाचा भाव 2,400 डॉलरच्या आसपास आणि डॉलर 83 रुपये 70 पैशांच्या आसपास होता. त्यावरून 10 ग्रॅम चोख सोन्याचे सुमारे 64,585 रुपये होतात. मामेभावाचा आकडा म्हणजे हाच. मात्र हा परदेशातल्या घाऊक बाजारातल्या सोन्याचा भाव आहे. भारतात खपणारे बहुतांश सोने बाहेरून येते, आणि ते देशात शिरतानाच त्यावर आयात शुल्क बसते.

23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पापर्यंत हे शुल्क एकूण 15 टक्के होते: 10 टक्के मूळ सीमाशुल्क आणि 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. त्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क 5 टक्के आणि उपकर 1 टक्का, म्हणजे एकूण 6 टक्के करण्यात आले. मी वरच्याच भावावर दोन्ही हिशेब कागदावर मांडले. 6 टक्क्यांनी 3,875 रुपये वाढून 68,460 झाले. सराफ तेव्हा जो भाव 'कर वेगळा' म्हणून सांगत होते, तो या आकड्याच्या जवळपास होता. त्यावर 3 टक्के जीएसटी लावला की 70,514. म्हणजे जीएसटी केवळ सोन्यावर लागत नाही, आधी भरलेल्या शुल्कावरही लागतो, आणि म्हणून 6 अधिक 3 असे 9 टक्के न होता एकूण बोजा 9.18 टक्के होतो. जुन्या 15 टक्क्यांच्या दराने तोच तोळा 76,501 रुपयांना पडला असता. जागतिक भाव आणि रुपया जागच्या जागी असताना केवळ शुल्कामुळे तोळ्यामागे जवळजवळ सहा हजारांचा फरक पडतो, हे मला या मांडणीतून प्रथमच नीट दिसले.

प्रत्यक्ष बाजार मात्र या गणिताबरहुकूम उतरला नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी वायदे बाजारात भाव सुमारे चार हजारांनी पडला, पूर्ण शुल्ककपातीएवढा पडला नाही. याचे कारण बेळगावच्या एका वयस्कर सराफांनी समजावून सांगितले. भाव चढे असल्यामुळे त्याआधी गिऱ्हाईक कमी होते आणि घाऊक व्यापारी शुल्कासह येणाऱ्या भावापेक्षा कमी भावाने माल देत होते. शुल्क उतरताच खरेदीला झुंबड उडाली आणि ती घाऊक सूट संपली. शिवाय शुल्काची आकारणी रोजच्या बाजारभावावर होत नाही. सरकार साधारणपणे दर पंधरवड्याला जे टॅरिफ मूल्य जाहीर करते, त्यावर होते. त्यामुळे जागतिक भाव मधल्या दिवसांत झपाट्याने हलला, तर घरच्या हिशेबात आणि बाजारात थोडे अंतर राहते. तेव्हापासून माझा आकडा सराफांच्या आकड्याशी शंभर-दोनशे रुपयांनी जुळला नाही तरी मी शंका घेत नाही. अंतर हजारात असेल, तर मात्र विचारते.

असे अंतर मला कोल्हापूर आणि बेळगाव यांच्या भावांत दिसले, आणि ते खोटे निघाले. कोल्हापुरात मला 24 कॅरेटचा तोळ्याचा भाव सांगितला होता. बेळगावातल्या फलकावर 22 कॅरेटचा एका ग्रॅमचा भाव होता. बेळगावच्या आकड्याला 10 ने गुणले की तिथले सोने खूपच स्वस्त वाटे. 22 कॅरेटमध्ये चोख सोने 91.6 टक्के असते, म्हणून 68,460 चा 22 कॅरेटचा भाव तोळ्याला सुमारे 62,709 आणि ग्रॅमला 6,271 येतो. दोन्ही भाव एकाच कॅरेटवर आणून, दोन्हींतून जीएसटी वेगळा काढल्यावर फरक किरकोळ उरला. आयात शुल्क केंद्राचे असल्याने ते देशभर एकच आहे. जीएसटीही दोन्ही राज्यांत 3 टक्केच आहे. त्याचा निम्मा भाग त्या त्या राज्याला मिळतो, एवढेच. त्यामुळे कर वाचवण्यासाठी सीमा ओलांडण्यात काही अर्थ नाही. खरा फरक घडणावळीत होता. एका दुकानात ती सोन्याच्या किमतीच्या टक्केवारीत लावत होते, म्हणजे आयात शुल्काने फुगलेल्या रकमेवर घडणावळही फुगत होती. दुसऱ्या ठिकाणी ग्रॅममागे ठरावीक रक्कम होती. गंठण आम्ही बेळगावात घेतले ते याच कारणासाठी.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो आईच्या जुन्या सोन्याचा. तिच्या पाटल्या आणि बांगड्या मिळून 40 ग्रॅम मोड द्यायची आणि 60 ग्रॅमचे नवे दागिने घ्यायचे, असे ठरत होते. घरात सगळे म्हणत होते की शुल्क कमी झाल्यामुळे साठही ग्रॅमवर आपला फायदा झाला. हिशेब तसा नाही. मोडीचा भाव हा बाजारातल्या शुल्कासहित भावावरून ठरतो, म्हणून शुल्क उतरले की घरातल्या जुन्या सोन्याची किंमतही तेवढीच उतरते. माझ्या मांडणीनुसार 22 कॅरेटमागे ग्रॅमला सुमारे 532 रुपये कमी झाले होते. नव्या 60 ग्रॅमवर 31,920 रुपये वाचले, पण जुन्या 40 ग्रॅमवर 21,280 रुपये गेले. हाती राहिला तो वीस ग्रॅमवरचा फायदा, 10,640 रुपये, आणि कमी झालेल्या रकमेवरचा थोडा जीएसटी. आईला हे सांगताना मला वाईट वाटले, पण तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पाटल्या न मोडता फक्त झिजलेल्या बांगड्या द्यायचे ठरवले.

पावती करताना आणखी एक गोष्ट मी सराफांकडून स्पष्ट करून घेतली. मोडीची रक्कम वजा होण्याआधी, नव्या दागिन्याच्या संपूर्ण किमतीवर जीएसटी आकारला जातो. तो फक्त वरून दिलेल्या पैशांवर नसतो. जुने सोने विकताना त्यात मुरलेले आयात शुल्क भावातून परत मिळते, पण खरेदीच्या वेळी भरलेला जीएसटी परत मिळत नाही, आणि तेच सोने मोडून नवे घेतले की त्या वजनावर तो पुन्हा भरावा लागतो. पाटल्या तशाच ठेवल्यामुळे आमच्या पावतीत नव्या सोन्याचे वजन कमी झाले आणि त्या वजनावरचा जीएसटी व घडणावळ दोन्ही वाचले.