तुम्ही विचारलंत म्हणून: विदाउट रिकोर्स कुठपर्यंत?

‘फॅक्टरशी करार करतोय. थोडी जास्त फी देऊन विदाउट रिकोर्स घेतलंय. म्हणजे परदेशातल्या खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर ती आता आमची जबाबदारी नाही ना?’

निम्मीच गेली. फॅक्टर म्हणजे तुमचं येणं आपल्या नावावर घेऊन त्यातले बहुतेक पैसे आधीच देणारी आणि मग खरेदीदाराकडून वसूल करणारी संस्था. विदाउट रिकोर्स म्हणजे खरेदीदाराने पैसे बुडवले तर ते तिने तुमच्याकडे परत मागायचे नाहीत. खरेदीदाराचं दिवाळं निघालं, किंवा कसलीही तक्रार नसताना त्याने मुदतीनंतरही पैसे थकवले, तर तो धोका फॅक्टरने घेतलेला असतो. पण ‘माल बरोबर आला नाही, म्हणून देत नाही’ असं खरेदीदार म्हणाला, तर तो धोका पहिल्याइतकाच तुमचा राहतो. फॅक्टर खरेदीदाराची पत तपासतो आणि तिचीच हमी देतो. तुमची शिलाई, तुमचं पॅकिंग, तुमची डिलिव्हरीची तारीख यांची हमी तो देऊच शकत नाही, कारण त्याने माल पाहिलेलाही नसतो. ही वाटणी मला रास्त वाटते. अडचण येते ती ‘तक्रार’ या शब्दाची व्याख्या करारात किती मोकळी ठेवली आहे यामुळे.

लहान निर्यातदारांचे असे करार मी वाचून देते. त्यातलं एक प्रकरण आकडे गोल करून सांगते.

एका निर्यातदार बाईंनी चामड्याच्या ८०० बॅगा पाठवल्या होत्या. दर नगाला ५० डॉलर, म्हणजे इन्व्हॉइस ४०,००० डॉलरचं, मुदत ६० दिवस. फॅक्टरने इन्व्हॉइस आपल्या नावावर असाइन करून घेतलं आणि ८० टक्के, म्हणजे ३२,००० डॉलर, लगेच दिले. उरलेले ८,००० रिझर्व्ह म्हणून मागे ठेवले. करार विदाउट रिकोर्स होता आणि त्या खरेदीदारासाठी फॅक्टरने मंजूर केलेल्या लिमिटमधल्या रकमेला पूर्ण हमी होती.

बावन्नाव्या दिवशी खरेदीदाराचा मेल आला: ५२ बॅगांच्या चेन नीट लागत नाहीत, २,६०० डॉलरची क्रेडिट नोट पाठवून बिल तेवढं कमी करा. बाईंनी उत्तर दिलं की फोटो पाठवा, मग बघू. मधे दोन आठवडे गेले. फॅक्टरला त्यांनी कळवलं नाही, कारण एवढ्याशा रकमेसाठी त्याला काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. मुदत उलटल्यावर फॅक्टरच्या वसुली विभागाने खरेदीदाराला फोन केला, तेव्हा त्याने सांगितलं, ‘मालाबद्दल वाद आहे, क्रेडिट नोट आल्याशिवाय पैसे नाहीत.’

त्या वाक्याने सगळं उलटलं. करारात लिहिलं होतं की खरेदीदाराने कोणत्याही कारणाने कोणतीही हरकत घेतली, मग ती खरी असो वा खोटी, तर ते इन्व्हॉइस वादग्रस्त धरलं जाईल आणि त्यावरची हमी थांबेल. वाद २,६०० चा होता, पण हमी थांबली ती पूर्ण ४०,००० ची. फॅक्टरने ३२,००० परत मागितले. ते वेगळे भरायला सांगितले नाहीत, खात्यातून वळते करून घेतले. पुढच्या कन्साइनमेंटवर २८,००० चा ॲडव्हान्स मिळणार होता, तो पूर्ण गेला, आणि उरलेले ४,००० दुसऱ्या इन्व्हॉइसांच्या रिझर्व्हमधून कापले. कच्च्या मालाचे पैसे त्या २८,००० मधून द्यायचे ठरले होते.

चार महिन्यांनी त्या खरेदीदार कंपनीचं दिवाळं निघालं. ज्या धोक्यासाठी बाई जास्त फी भरत होत्या, नेमका तोच धोका समोर आला, आणि हमी थांबलेलीच होती.

हे टाळता आलं असतं. मेल आला त्याच दिवशी फॅक्टरला लेखी कळवून, त्याच्या संमतीने २,६०० ची क्रेडिट नोट दिली असती, तर ३७,४०० चं बिनवादाचं इन्व्हॉइस हमीखाली उभं राहिलं असतं. संमती विसरू नका. असाइन झालेल्या इन्व्हॉइसवर परस्पर सूट देणं हा बहुतेक करारांत भंग मानला जातो, कारण ते येणं आता फॅक्टरचं आहे. अशा वेळी आपली बाजू खरी असली तरी लहान वाद पटकन मिटवणं स्वस्त पडतं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

करार अजून सही व्हायचा असेल तर याच कलमावर सगळा जोर लावा. तीन गोष्टी मागा. पहिली, वाद जेवढ्या रकमेचा असेल तेवढ्याच रकमेची हमी थांबावी. दुसरी, हरकत लेखी हवी आणि तिच्यात कारण व रक्कम हवी. फोनवरचं एक वाक्य पुरे होऊ नये. तिसरी, वाद मिटवायला तुम्हाला ठरावीक दिवस मिळावेत आणि तेवढ्या दिवसांत मिटला तर हमी पुन्हा सुरू व्हावी. पहिली मागणी फॅक्टर सहज मान्य करत नाहीत. दुसरी आणि तिसरी मिळण्यासारख्या असतात.

फॅक्टरच्या अडेलपणालाही एक कारण असतं. निर्यातीत अनेकदा दोन फॅक्टर असतात: तुमच्याकडचा, आणि खरेदीदाराच्या देशातला, जो खरेदीदार पैसे देईल याची खरी हमी देतो. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या एफसीआय या फॅक्टरांच्या जागतिक संघटनेच्या सभासदांमध्ये हा व्यवहार तिच्या सामायिक नियमांवर चालतो. त्या नियमांनुसार खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर तिकडचा फॅक्टर हमीचे पैसे देय तारखेनंतर ९० दिवसांनी देतो, आणि त्या ९० दिवसांत वाद पुढे आला तर त्याची देण्याची जबाबदारी थांबते. तुमच्या फॅक्टरला जे मागून मिळत नाही, ते तो तुम्हाला पुढे देईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून वाद उठल्याचं त्याला लवकर कळणं हे त्याच्याइतकंच तुमच्या हिताचं आहे.

हमीची दुसरी मर्यादा म्हणजे लिमिट. खरेदीदारासाठी ३०,००० चं लिमिट मंजूर असेल आणि इन्व्हॉइस ४०,००० चं असेल, तर वरचे १०,००० रिकोर्सवरच असतात, कराराच्या पहिल्या पानावर काहीही लिहिलेलं असो. लिमिट कमी करण्याचा किंवा काढून घेण्याचा हक्कही फॅक्टर स्वतःकडे ठेवतो. रवाना झालेल्या मालाला त्याने फरक पडत नाही, पण कारखान्यात अर्धा तयार असलेला माल उघड्यावर पडतो. मोठी ऑर्डर हातात घेण्यापूर्वी त्या दिवशीचं लिमिट लेखी मागवून घ्या.

आता फी. बॅगांच्या त्या इन्व्हॉइसवर डिस्काउंट चार्ज, म्हणजे आधी उचललेल्या पैशांवरचं व्याज, वर्षाला ९ टक्के होता, तोही फक्त उचललेल्या ३२,००० वर. वर्षाचे ३६० दिवस धरून ६० दिवसांचे ४८० डॉलर झाले. सर्व्हिस फी १ टक्का, पण ती पूर्ण इन्व्हॉइसवर, म्हणजे ४०० डॉलर. एकूण ८८०. ३२,००० वापरण्यासाठी ६० दिवसांत ८८० म्हणजे २.७५ टक्के, वर्षाच्या मापाने १६.५ टक्के. करारावर ठळक दिसतो तो ९ चा आकडा. खरेदीदाराने ३० दिवसांतच पैसे दिले तर खर्च ६४० वर येतो, पण वर्षाचा दर २४ टक्क्यांवर जातो, कारण सर्व्हिस फी दिवस मोजत नाही. ज्यांचे खरेदीदार लवकर पैसे देतात त्यांना फॅक्टरिंग सगळ्यात महाग पडतं, ते यामुळे.

लहान निर्यातदाराला याहून जास्त बोचते ती किमान वार्षिक फी. किमान ६,००० डॉलर लिहिलेले असतील आणि वर्षभरात ३,००,००० चीच इन्व्हॉइसं दिली, तर १ टक्क्याने ३,००० होतात आणि उरलेले ३,००० वर्षअखेरीला तसेच भरावे लागतात. तुमची सर्व्हिस फी तेव्हा २ टक्के झालेली असते. हा आकडा ठरवताना मागच्या वर्षातली सगळ्यात मंद तिमाही समोर ठेवा.

राहिली नोटीस. फॅक्टरिंगमध्ये खरेदीदाराला लेखी कळवलं जातं की हे येणं अमुक फॅक्टरच्या नावे केलं आहे आणि पैसे फक्त त्याच्या खात्यात द्यायचे. नोटीस पोहोचल्यावर खरेदीदाराने तुम्हाला पैसे दिले तर बहुतेक कायद्यांनुसार त्याचं देणं फिटत नाही. त्याला दुसऱ्यांदा द्यावे लागू शकतात. १९८८ च्या ओटावा करारातही नोटीस लेखी हवी, तिच्यावरून कोणतं येणं आणि कोणता फॅक्टर हे ओळखता आलं पाहिजे, अशा अटी आहेत. तो करार थोड्याच देशांनी स्वीकारला आहे, पण आपली नोटीस या कसोटीवर घासून बघायला हरकत नाही. खरेदीदाराच्या परचेस ऑर्डरच्या मागच्या अटीही वाचा. ‘आमच्या परवानगीशिवाय येणं दुसऱ्याच्या नावे करू नये’ असं तिथे बारीक अक्षरांत असू शकतं, आणि त्याचा परिणाम देशोदेशी वेगळा असतो. परवानगी आधीच मागितलेली बरी.

इन्व्हॉइसवर आधी पैसे उचलण्याचा दुसरा प्रकार म्हणजे इन्व्हॉइस डिस्काउंटिंग. त्यात नोटीस सहसा जात नाही. वसुली तुम्हीच करता, पैसे मात्र फॅक्टरच्या ताब्यातल्या खात्यात यायला हवेत. त्यातही फॅक्टर केव्हाही नोटीस पाठवण्याचा हक्क राखून ठेवतो, आणि त्यासाठी तुमच्या सहीची, तारीख न घातलेली पत्रं आधीच घेऊन ठेवतो. जुन्या सवयीने खरेदीदाराने तुमच्या नेहमीच्या खात्यात पैसे टाकले, तर त्यांना हात न लावता ते त्याच दिवशी पुढे पाठवा. ते पैसे तुमचे नसतात, आणि पगारासाठी दोन दिवस वापरले हे कारण कुणी ऐकून घेत नाही.

नोटीस जाण्याआधी खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाला स्वतः फोन करा, तोही तुमच्या ओळखीच्या नंबरवर. बँक खातं बदलल्याचं पत्र ही फसवणुकीची इतकी नेहमीची तऱ्हा झाली आहे की जबाबदार माणूस असं पत्र बाजूला ठेवतो आणि पैसे अडवतो. त्यात चूक त्याची नसते, पण दिवस तुमचे जातात आणि डिस्काउंट चार्ज चालू राहतो. आणि त्याच फोनवर त्याला हेही सांगा की मालाबद्दल काही तक्रार असेल तर फॅक्टरच्या वसुलीवाल्याला सांगण्याआधी, त्याच दिवशी, मला कळवा.