आमची वाटचाल: डावीकडे पान, उजवीकडे मजकूर

आम्ही सुरुवात केली ती जुनी पुस्तकं बघून टाइप करून देण्यापासून. मग ओसीआर आलं, म्हणजे पानाच्या इमेजवरून मशीनच मजकूर काढू लागलं, टायपिंग जवळपास बंदच झालं आणि मुद्रितशोधन मात्र वाढत गेलं, कारण मशीनने काढलेला मजकूर नुसता वाचत गेलं तर सगळं बरोबरच वाटतं. 'घर'चं 'धर' झालं किंवा 'भात'चा 'मात' झाला तर स्पेलचेकर काही बोलत नाही, दोन्ही शब्द खरेच आहेत. त्यामुळे पानाची इमेज शेजारी उघडी हवीच.

आमच्याकडे सगळं काम एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे पानावर जिथे ओळ तुटते तिथेच मजकुरातही तोडायची, शेवटपर्यंत जोडायची नाही. वाचायच्या आधी फक्त ओळी मोजायच्या. समजा इमेजमध्ये ३२ ओळी आहेत आणि मजकुरात ३१, तर सरळ मधली १६वी बघायची. ती जुळली. मग २४वी, ती सरकलेली, मजकुरात त्या जागी पुढची ओळ. म्हणजे घोळ १७ ते २४ मध्ये. २० जुळली, २२ सरकलेली, २१ पण सरकलेली, म्हणजे २१वी ओळच मशीनने खाल्ली. पाच ओळी बघून सापडली, एक शब्द न वाचता! पण आकडा जुळला म्हणून निर्धास्त राहू नका, कधी एक ओळ गळते आणि दुसरी एक तुटून दोन होतात, बेरीज तीच. हे वाचतानाच कळतं.

वाचताना आधी इमेज, मग मजकूर, हा क्रम आम्ही सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. उलट केलं तर मजकुरातला शब्द डोक्यात बसतो आणि डोळ्याला इमेजमध्येही तोच दिसायला लागतो. इमेजवरचे तीन-चार शब्द घ्यायचे, मग नजर उजवीकडे, आणि दोन्हीकडचा झूम असा ठेवायचा की ओळीची लांबी साधारण सारखी दिसेल, म्हणजे जागा शोधत बसावं लागत नाही. आकडे मात्र एकेक अंक करून, कारण १ चा ९ झाला तर वाक्यावरून काहीच कळत नाही.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार असतात, मशीन ते बऱ्याचदा गाळतं. आम्ही पानावर आहे तसंच ठेवतो, ग्राहकाला नवं लेखन हवं असेल तर ते नंतर वेगळ्या फाइलमध्ये.

ओळी जोडणं अगदी शेवटी, तेव्हा ओळीच्या टोकाची प्रत्येक जोडरेघ इमेजमध्ये बघूनच काढतो, नाहीतर 'हळू-हळू'मधली खरी रेघही त्यात जाते.