पहिल्या दिवशी दोन, मग रोज एक

डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या ज्यांनी कधी घेतल्या असतील, त्यांना चिठ्ठीवरची एक सूचना आठवत असेल: पहिल्या दिवशी दोन गोळ्या, नंतर रोज एक. औषध तेच, आजार तोच, घेणारा माणूसही तोच. मग पहिल्या दिवसालाच हा दुप्पट मान कशासाठी? विद्यार्थिदशेत मी ती सूचना नुसती पाठ केली होती. औषधशास्त्र शिकवू लागल्यावर एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न विचारला आणि ‘सुरुवातीला जोर लागतो’ असे काहीसे मोघम उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. त्या उत्तराची लाज मला अजून वाटते, कारण खरे उत्तर एका समीकरणात मावते.

शरीरात औषध शिरते, पसरते आणि बाहेर पडते. किती पसरते हे सांगणाऱ्या आकड्याला वितरण-घनफळ म्हणतात आणि तो लिटरमध्ये मोजतात. दर तासाला किती लिटर रक्तद्रव औषधापासून पूर्ण मोकळा होतो, हे सांगणारा आकडा म्हणजे क्लिअरन्स. यांपैकी पहिला आकडा विद्यार्थ्यांना नेहमी फसवतो. डिगॉक्सिन या हृदयावरच्या औषधाचे वितरण-घनफळ साधारण ६० किलोच्या माणसात ४०० लिटरच्या घरात जाते. माणसात ४०० लिटर पाणी मावत नाही हे उघड आहे. डिगॉक्सिन स्नायूंमध्ये जाऊन चिकटते, रक्तात फार थोडे उरते, आणि त्या थोड्यावरून हिशेब मांडला की एवढे अवाढव्य भांडे निघते. म्हणजे हे भांडे कागदावरचे आहे. पण डोस ठरवायला तेच कामाला येते, कारण आपण मोजतो ती पातळी रक्तातलीच असते.

आता शिरेतून सतत औषध चालू आहे असे समजू. शरीरातल्या औषधात होणारा बदल म्हणजे आत येणारे वजा बाहेर जाणारे:

```
V × dC/dt = R − CL × C
```

येथे V हे वितरण-घनफळ, C ही रक्तातली पातळी, R हा दर तासाला दिला जाणारा डोस आणि CL हा क्लिअरन्स. पातळी स्थिर झाली की डावी बाजू शून्य होते आणि तिच्याबरोबर V चक्क गळून पडतो. उरते ते R = CL × C. हाच मेंटेनन्स डोस. जेवढे बाहेर जाते तेवढे भरून काढायचे, आणि भांडे लहान की मोठे याच्याशी त्याला काहीही देणेघेणे नाही. उलट पहिल्याच क्षणी, काहीही बाहेर पडण्यापूर्वी, हवी ती पातळी गाठायची असेल तर लागणारे औषध V × C इतके असते आणि त्यात CL कोठेच येत नाही. हा लोडिंग डोस. दोन डोस म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. परीक्षेत जवळजवळ प्रत्येक चूक या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होते.

उदाहरणासाठी मी थिओफिलिन घेतो. दम्यात त्याचा वापर पूर्वीइतका राहिलेला नाही, परंतु त्याची सुरक्षित कक्षा अरुंद, रक्तातली पातळी मोजता येण्याजोगी आणि आकडे सोपे, त्यामुळे शिकवण्यासाठी इतके सोयीचे औषध दुसरे सापडत नाही. रुग्ण प्रौढ, वजन ६० किलो, धूम्रपान न करणारा. वितरण-घनफळ दर किलोला अर्धा लिटर, म्हणजे ३० लिटर. क्लिअरन्स दर किलोला तासाला ०.०४ लिटर, म्हणजे तासाला २.४ लिटर. हवी असलेली पातळी लिटरमागे १० मिलिग्रॅम. मग लोडिंग डोस ३० गुणिले १०, म्हणजे ३०० मिलिग्रॅम, आणि मेंटेनन्स डोस २.४ गुणिले १०, म्हणजे तासाला २४ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात शिरेतून अमिनोफिलिन देतात आणि त्यात थिओफिलिन साधारण ८० टक्केच असते, म्हणून दोन्ही आकड्यांना ०.८ने भागायचे: ३७५ मिलिग्रॅम एकदा आणि तासाला ३० मिलिग्रॅम. हे भागणे निम्मा वर्ग विसरतो. पुढचे सगळे आकडे मी थिओफिलिनचेच देतो, म्हणजे मलाही विसरायला वाव राहणार नाही.

रक्तातली पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे हाफ-लाइफ. ते येथे ०.६९३ गुणिले ३० भागिले २.४, म्हणजे सुमारे ८.७ तास. लोडिंग डोस न देता नुसता तासाला २४ मिलिग्रॅमचा ओघ सुरू केला, तर १०पर्यंतचे उरलेले अंतर दर हाफ-लाइफमध्ये निम्मे होत जाते: साडेआठ-नऊ तासांनी पातळी ५ होईल, तेवढाच वेळ आणखी गेल्यावर ७.५, आणि १०च्या जवळ पोचायला दीड दिवस लागेल. धाप लागलेल्या माणसाला दीड दिवस थांबा असे सांगता येत नाही. लोडिंग डोसाचे सगळे प्रयोजन एवढेच आहे. रुग्ण आधीच थिओफिलिन घेत असेल आणि त्याची पातळी ४ आली असेल, तर भरायची तूट फक्त ६ची असते, म्हणून डोस ३० गुणिले ६, म्हणजे १८० मिलिग्रॅम. हा डोसही एका दमात ढकलायचा नसतो. औषध ३० लिटरच्या भांड्यात पसरायला वेळ लागतो आणि तोवर ते रक्तात व हृदयासारख्या भरपूर रक्तपुरवठ्याच्या अवयवांत दाटलेले असते. त्यामुळे हृदयाची लय बिघडू शकते, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून २० ते ३० मिनिटे घेऊन सावकाश देतात.

आता याच रुग्णाला हार्ट फेल्युअर आहे असे धरा. यकृताचे काम मंदावल्याने क्लिअरन्स निम्म्यावर, म्हणजे तासाला १.२ लिटरवर आला; वितरण-घनफळ मात्र होते तेवढेच राहिले. हे गणित मी दरवर्षी देतो आणि दरवर्षी दोन प्रकारच्या चुका येतात.

पहिली चूक सावध विद्यार्थ्याची. तो म्हणतो, ‘सर, औषध बाहेर पडत नाही, म्हणून मी दोन्ही डोस निम्मे केले.’ मेंटेनन्स तासाला १२ मिलिग्रॅम, हे बरोबर. परंतु लोडिंग १५० मिलिग्रॅम दिल्याने पातळी ५वरून सुरू होते, आणि क्लिअरन्स निम्मा झाला म्हणून हाफ-लाइफ दुप्पट, सुमारे १७ तासांचे झालेले असते. मग साडेसात गाठायला १७ तास आणि पावणेनऊ गाठायला ३५ तास. ज्याचा क्लिअरन्स कमी, त्यालाच स्थिर पातळीसाठी सर्वांत जास्त थांबावे लागते; म्हणजे पुऱ्या लोडिंग डोसाची गरजही त्यालाच अधिक. मुलांना हे पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण मनाची ओढ उलट दिशेने असते: आजारी माणसाला सगळेच थोडे थोडे द्यावे.

दुसरी चूक अधिक धोक्याची आहे, कारण ती सुरुवातीला दिसतच नाही. क्लिअरन्स घटला आहे हे लक्षात न येता नेहमीचेच डोस दिले जातात: लोडिंग ३०० आणि तासाला २४. लोडिंग संपल्यावर अर्ध्या तासाने पातळी मोजली तर १० येते, अगदी पुस्तकात असावी तशी, आणि सगळे निश्चिंत होतात. परंतु त्या तपासणीने फक्त V बरोबर धरला होता एवढेच सिद्ध केलेले असते. CLबद्दल तिला अजून काहीच ठाऊक नसते. पातळी आता २४ भागिले १.२, म्हणजे २०कडे निघालेली असते. १७ तासांनी १५, ३५ तासांनी साडेसतरा. मळमळ आणि हातांची थरथर बहुधा आधी येते, पण थिओफिलिनमध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता थेट आकडीचा झटका येऊ शकतो, त्यामुळे लक्षणांची वाट पाहणे हा मार्ग नव्हे.

मार्ग असा, की आठ तासांनी पुन्हा पातळी मोजायची. समजा ती १२.७ आली. आता वहीच्या जमाखर्चासारखा हिशेब मांडू. आठ तासांत २४ गुणिले ८, म्हणजे १९२ मिलिग्रॅम आत गेले. पातळी २.७ने वाढली, म्हणजे ३० लिटरमध्ये ८१ मिलिग्रॅम साठले. मग १११ मिलिग्रॅम बाहेर पडले. या काळात सरासरी पातळी साधारण ११.३५ होती, तिला आठ तासांनी गुणले की सुमारे ९१, आणि १११ भागिले ९१ म्हणजे १.२२. तासाला सुमारे १.२ लिटर. रुग्णाचा खरा क्लिअरन्स दोन नमुन्यांतून हाती आला, आणि पातळी २०च्या जवळ जाण्याच्या कितीतरी आधी ओघ तासाला १२ मिलिग्रॅमवर आणता येतो. फळ्यावर हा हिशेब जुळतो तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरते, आणि खरे सांगायचे तर तिचा मोह मलाही आहे.

‘लोडिंग डोस क्लिअरन्सवर अवलंबून नाही’ हे वाक्य मात्र आंधळेपणाने घोकू नये. डिगॉक्सिनमध्ये मूत्रपिंड निकामी झाले की क्लिअरन्स तर घटतोच, शिवाय स्नायूंना चिकटण्याचे प्रमाणही कमी होऊन वितरण-घनफळ आकसते, म्हणून तेथे लोडिंग डोसही कमी करावा लागतो. नियम मोडला असे नाही. V बदलला, एवढेच. अपस्मारावरच्या फेनिटॉइनची गोष्ट निराळी. त्याला मोडणारे एन्झाइम लवकर तुडुंब भरते, त्यामुळे क्लिअरन्स पातळीगणिक घटत जातो आणि R = CL × C या साध्या गुणाकारावर त्याचा मेंटेनन्स डोस सोडता येत नाही.

तोंडाने घ्यायच्या औषधात तासाच्या दराला दोन डोसांमधल्या तासांनी गुणायचे आणि जेवढा अंश रक्तात पोचतो त्याने भागायचे. थिओफिलिन जवळजवळ सगळे पोचते, म्हणून आपल्या पहिल्या रुग्णाला दर १२ तासांनी २८८ मिलिग्रॅम लागतील. सावकाश विरघळणारी ३०० मिलिग्रॅमची गोळी दिली की सरासरी पातळी १०.४ राहील, आणि तेवढ्या फरकाबद्दल कोणी भांडत बसत नाही.

राहिली ती डॉक्सिसायक्लिनची चिठ्ठी. हाफ-लाइफ एक दिवस धरले, तर रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्याच्या शरीरात डोस घेतल्यावर पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी १५०, तिसऱ्या दिवशी १७५ असे साठत साठत २००पर्यंत जाते. पहिल्याच दिवशी २०० घेतले, तर दुसऱ्या दिवशी १०० उरतात, वर १०० पडतात, आणि माणूस पहिल्या दिवसापासून तेथेच असतो. प्रत्यक्षात डॉक्सिसायक्लिनचे हाफ-लाइफ १८ ते २२ तासांचे आहे. २० तास धरून मी त्या विद्यार्थिनीला नंतर हिशेब करून दाखवला, तेव्हा पहिला डोस १७७ मिलिग्रॅम आला. तिने विचारले, ‘मग २०० का, सर?’ म्हटले, १७७ मिलिग्रॅमची गोळी मिळत नाही म्हणून.