शनिवार, खानापूर – हृदयाच्या आकृतीचे पेपर

अर्धी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्येच दहावीच्या टेस्टचे पेपर घेऊन बसले. प्रश्न हृदयाच्या उभ्या छेदाचा, आकृतीला २ मार्क, चार नावांना अर्धा-अर्धा: उजवी कर्णिका, डावी जवनिका, महाधमनी, फुप्फुस धमनी.

एक पेपर हातात आला आणि तिथंच अडकले. सुंदर शेडिंग, रेघा पट्टीनं मारलेल्या, एकमेकींना कुठं कापत नाहीत, पण खालच्या दोन्ही कप्प्यांच्या भिंती सारख्याच जाड. ड्रॉइंगचे सर शेजारीच होते, म्हणाले, "पुरे मार्क द्या की ओ बाई, केवढी झकास काढलीय." मी अर्धा कापला. डाव्या जवनिकेला रक्त सगळ्या अंगभर ढकलायचं असतं, उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत, म्हणून डावीची भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड असते आणि तेच दिसलं नाही तर आकृतीतनं हृदयाचं काम कळतच नाही. वर त्याच पेपरात 'डावी जवनिका'ची रेघ मधल्या पडद्यावर जाऊन थांबलेली, कप्प्यात शिरलेलीच नाही. रेघेचं टोक जिथं टेकतं त्यालाच नाव दिलं असं मी धरते, त्यामुळं तिथलाही अर्धा गेला.

दुसरा पेपर याच्या उलटा. रेघा जरा थरथरलेल्या, पण प्रमाण बरोबर, जाड भिंत कागदाच्या उजव्या बाजूला, महाशिरा डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येतायत, महाधमनी जाड कप्प्यातनंच निघालेली. आणि नावं मात्र कागदाची डावी-उजवी बघून टाकलेली, म्हणजे महाशिरा ज्यात येतात ती उजवी कर्णिका सोडून पलीकडची दाखवली आणि 'डावी जवनिका' पातळ भिंतीच्या कप्प्याला. आकृती समोर उभ्या माणसाची असते, त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडं येते, तेवढंच चुकलेलं. पोरानं आख्खी आकृतीच उलटी काढली असती तर जाड भिंतही नावाबरोबर फिरली असती, मग आकृतीचे मार्क कापले असते. इथं तसं नाही, आकृतीचे पूर्ण २ दिले, दोन्ही धमन्यांचा १ दिला, दोन कप्प्यांचे गेले. चूक एकच म्हणून अर्धा परत द्यावा का, बराच वेळ विचार केला, पण नाव चुकीच्या कप्प्यावर आहे ते आहेच, नाही दिला. तरी ४ पैकी ३ झाले, पहिल्या पेपराएवढेच, आणि मला तरी ते बरोबर वाटतं.

सोमवारी या पोराला बोलवून त्याच्याच आकृतीवर महाशिरेपासनं बोट फिरवायला लावणार, वरचा कप्पा, खालचा कप्पा, फुप्फुस, परत वर, मग जाड भिंतीचा कप्पा आणि महाधमनी. रक्त कुठनं अंगभर जातं ते बोटाखाली आलं की त्या कप्प्याचं नाव तोच खोडून नवं लिहील.